१६५ हर्ट्झचा मॉनिटर १४४ वरच का अडकतो? एचडीएमआय की डिस्प्लेपोर्ट, केबल घेण्याआधी हा हिशेब करा

इंदूर : मागच्या महिन्यात भाच्याचा फोन आला. "मामा, मॉनिटर परत करायचाय. फसवलं मला." त्याने २७ इंची मॉनिटर घेतला होता. खोक्यावर मोठ्या अक्षरांत १६५ हर्ट्झ लिहिलेलं, पण कॉम्प्युटरवर १४४ च्या वर आकडाच दिसत नव्हता. परत करायची मुदत सात दिवसांची होती आणि त्यातले चार गेले होते. पोरगा गेम खेळतो, त्याच मशीनवर व्हिडिओ एडिटिंगची चार कामंही घेतो, आणि मॉनिटरचे पैसे त्याने त्या कामांतूनच साठवलेले.

मॉनिटर परत करण्याआधी त्याने एक उपाय करून पाहिला होता. आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये जाऊन 'सगळ्यात भारी एचडीएमआय केबल' मागितली. मिळालीही. जाड, कापडाची वीण असलेली, पाकिटावर ८के आणि २.१ छापलेलं. लावली, तरी १४४ च. म्हणजे मॉनिटरच खराब, असा त्याचा निष्कर्ष.

मॉनिटर खराब नव्हता. केबलही खराब नव्हती. दुकानदाराने जे मागितलं ते दिलं होतं. चूक प्रश्नातच होती. 'कोणती केबल भारी?' असं विचारण्याआधी 'माझ्या दोन्ही टोकांच्या पोर्टांतून किती माल जातो?' हे विचारायला हवं होतं. इंदूरला खरेदीला येणाऱ्या आपल्या भागातल्या लोकांसाठी तर हे जास्तच महत्त्वाचं. बुऱ्हाणपूरला घरी पोचल्यावर केबल चुकली हे कळलं, तर पुन्हा अख्खा दिवस आणि बसचं भाडं जातं.

आधी आकडेमोड

मी कॉमर्सवाला. मला हे प्रकरण समजलं ते गुणाकारातूनच, म्हणून तसंच सांगतो.

पडदा म्हणजे ठिपक्यांची जाळी. भाच्याचा मॉनिटर आडवे २५६० आणि उभे १४४० ठिपके दाखवतो. यालाच रिझोल्यूशन म्हणतात. गुणाकार केला की ३६ लाख ८६ हजार ४०० ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगायला साधारणपणे २४ बिट लागतात. म्हणजे एक चित्र पाठवायला सुमारे ८ कोटी ८५ लाख बिट.

आता रिफ्रेश रेट. १६५ हर्ट्झ म्हणजे एका सेकंदात असं चित्र १६५ वेळा पाठवायचं. ८ कोटी ८५ लाख गुणिले १६५ केले की सुमारे १,४६० कोटी बिट होतात. अब्जात मोजलं तर १४.६ अब्ज, म्हणजे सेकंदाला १४.६ गिगाबिट. १४४ हर्ट्झला हाच आकडा १२.७ येतो.

हा झाला माल. आता रस्ता किती रुंद आहे ते पाहू.

भाच्याच्या कॉम्प्युटरमध्ये एनव्हिडियाचं जीटीएक्स १६६० सुपर कार्ड आहे. त्याचा एचडीएमआय पोर्ट २.० पिढीचा. या पिढीचा वेग जाहिरातीत १८ गिगाबिट सांगतात आणि ते खोटं नाही. पण त्यात दर दहा बिटांपैकी आठच चित्राचे असतात. उरलेले दोन सिग्नल नीट पोचावा म्हणून खर्ची पडतात. पगारातून पीएफ कापला जातो तसं समजा. हातात येतात १४.४ गिगाबिट.

माल १४.६, रस्ता १४.४. उत्तर इथेच मिळालं.

खरं तर गरज १४.६ पेक्षाही थोडी जास्त असते, कारण दोन ओळी आणि दोन चित्रं यांच्यामध्ये थोडी मोकळी जागा ठेवावी लागते. ती धरली तर १४४ हर्ट्झला सुमारे १४ गिगाबिट लागतात. १४.४ च्या रस्त्यातून ते कसंबसं जातं, १६५ मात्र जात नाही. म्हणून कॉम्प्युटरने १६५ चा पर्याय दाखवलाच नाही. त्यात बिघाड काही नव्हता.

मग ती २.१ ची महाग केबल? ती ४८ गिगाबिट पेलते हे खरं. पण घराच्या दोन्ही दारांना अर्ध्या इंचाचे नळ असतील, तर मधे चार इंची पाइप टाकून पाणी वाढत नाही. कार्डाचा पोर्ट, केबल आणि मॉनिटरचा पोर्ट, या तिघांत जो सगळ्यात अरुंद असेल तोच वेग ठरवतो.

थर्मोकोलमधली दुसरी केबल

संध्याकाळी त्याच्याकडे गेलो. "खोक्यात आणखी काय आलं होतं?" विचारलं. थर्मोकोलच्या खाचेत प्लास्टिकच्या पिशवीत एक केबल तशीच पडून होती. एका कोपऱ्याला तिरका काप असलेलं तोंड. डिस्प्लेपोर्ट. "ही ओळखीची वाटली नाही, म्हणून ठेवून दिली," तो म्हणाला.

यात त्याचा दोष नाही. एचडीएमआय आपल्या घरात टीव्ही, सेट-टॉप बॉक्सबरोबर आली, कारण ती जन्मलीच टीव्हीसाठी. तिची पहिली आवृत्ती २००२ ची, आणि ती आणणाऱ्यांत सोनी, पॅनासॉनिक, तोशिबा, फिलिप्स असल्या टीव्ही बनवणाऱ्या कंपन्या होत्या. डिस्प्लेपोर्ट २००६ मध्ये व्हेसा या संस्थेने आणला. कॉम्प्युटरच्या पडद्यांचे नियम ठरवणारी ही संस्था. म्हणून टीव्हीला डिस्प्लेपोर्ट सहसा नसतो, तर ग्राफिक्स कार्डाला एका एचडीएमआयबरोबर दोन-तीन डिस्प्लेपोर्टही असतात.

भाच्याच्या कार्डावर आणि मॉनिटरवर, दोन्हीकडे डिस्प्लेपोर्ट १.४ होता. जाहिरातीतला वेग ३२.४ गिगाबिट, कापून हातात येतात सुमारे २५.९. माल १४.६ चा. आरामात जातो.

केबल लावली, पडदा उजळला. आणि आकडा दिसला ६० हर्ट्झ!

इथे बरेच लोक पुन्हा घाबरतात. नवीन पोर्टावर मॉनिटर लावला की विंडोज अनेकदा ६० वरच ठेवतं. आपल्याला जाऊन बदलावं लागतं. विंडोज ११ मध्ये वाट अशी आहे:

```
Settings > System > Display > Advanced display
```

तिथे `Choose a refresh rate` समोरची यादी उघडली. १६५ होतं. निवडलं. काम झालं. त्याच पानावर `Active signal mode` अशी ओळ असते. प्रत्यक्षात मॉनिटरला काय पोचतंय ते तिथे कळतं. कितीतरी लोक महाग मॉनिटर घेऊन वर्षानुवर्षं ६० वर चालवतात. तुमच्याकडे असा मॉनिटर असेल तर हे पान आजच उघडून पाहा.

आपल्या मॉनिटरला काय लागेल?

हाच गुणाकार वेगवेगळ्या मॉनिटरांना लावून पाहिला तर चित्र स्पष्ट होतं. पोर्टांतून प्रत्यक्ष हातात येणारा वेग, गिगाबिटमध्ये, साधारण असा आहे:

- एचडीएमआय १.४ : ८.२
- एचडीएमआय २.० : १४.४
- डिस्प्लेपोर्ट १.२ : १७.३
- डिस्प्लेपोर्ट १.४ : २५.९
- एचडीएमआय २.१ : ४२.६ पर्यंत

ऑफिसचा साधा मॉनिटर, १९२० बाय १०८०, ६० किंवा ७५ हर्ट्झ. लागतात तीन-चार गिगाबिट. कोणताही पोर्ट, घरातली कोणतीही धड केबल चालते. इथे नवीन केबलवर पैसा घालू नका.

तेच रिझोल्यूशन, पण १४४ हर्ट्झ किंवा जास्त. १४४ ला ७.२ लागतात, वरची मोकळी जागा वेगळी. एचडीएमआय १.४ वर हे अगदी काठावर येतं, म्हणून जुन्या पोर्टावर कधी १४४ मिळतं, कधी १२० वरच थांबतं. एचडीएमआय २.० असेल तर चिंता नाही. डिस्प्लेपोर्ट असेल तर प्रश्नच नाही.

२५६० बाय १४४०. १४४ पर्यंत एचडीएमआय २.० चालतो. १६५ किंवा १८० हवं असेल तर डिस्प्लेपोर्ट लावा. बाजारात सध्या या मापाचे मॉनिटर भरपूर आहेत आणि त्यांपैकी अनेकांचा एचडीएमआय पोर्ट १४४ वरच थांबतो. हे माहितीपुस्तिकेत बारीक अक्षरांत दिलेलं असतं, खोक्यावर मात्र मोठा आकडाच छापतात.

४के, म्हणजे ३८४० बाय २१६०. ६० हर्ट्झला जवळपास १२ गिगाबिट लागतात. एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट, दोन्ही चालतात. पण एचडीएमआय १.४ असेल तर ३० हर्ट्झवर समाधान मानावं लागतं, आणि ३० वर माउसचा बाणसुद्धा अडखळत चालतो. ४के वर १४४ हवं असेल तर २८.७ गिगाबिट लागतात. ते एचडीएमआय २.१ मधून थेट जातात. डिस्प्लेपोर्ट १.४ ला कमी पडतात, म्हणून तो चित्र थोडं दाबून पाठवतो. कार्ड आणि मॉनिटर दोघांनाही ही दाबण्याची सोय असेल तरच हे जमतं. तशी सोय असली तर डोळ्यांना फरक सहसा कळत नाही.

लॅपटॉपवाल्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. आमच्या ओळखीच्या एका सीए ऑफिसात मोठ्या एक्सेल शीटसाठी ४के मॉनिटर आणला. जुन्या लॅपटॉपच्या एचडीएमआय पोर्टावर ३० हर्ट्झच मिळालं आणि शीट सरकवताना सगळ्यांचे डोळे दुखायला लागले. त्या लॅपटॉपला यूएसबी-सी पोर्ट होता, शेजारी डिस्प्लेपोर्टची छोटी खूण होती. यूएसबी-सी ते डिस्प्लेपोर्ट केबल लावली आणि ६० मिळालं. प्रत्येक यूएसबी-सी पोर्टातून चित्र जात नाही, त्यामुळे ती खूण किंवा लॅपटॉपची माहितीपुस्तिका आधी पाहायची.

केबल घेताना काय वाचायचं

एचडीएमआय केबलचे अधिकृत प्रकार आकड्यांचे नाहीत, नावांचे आहेत. 'हाय स्पीड' जुन्या १.४ च्या वेगासाठी, 'प्रीमियम हाय स्पीड' १८ गिगाबिटसाठी आणि 'अल्ट्रा हाय स्पीड' ४८ साठी. २.० आणि २.१ हे आकडे पोर्टांचे आहेत. केबलवर नुसता आकडा छापला म्हणून ती त्या वेगाला तपासलेली असते असं नाही. प्रमाणित अल्ट्रा हाय स्पीड केबलच्या पाकिटावर क्यूआर असलेलं लेबल असतं, ते एचडीएमआयच्या अधिकृत अॅपने स्कॅन करून खात्री करता येते. ४के १२० किंवा १४४ साठी केबल घेत असाल तर दुकानातच हे करा.

मॉनिटरवर 'एचडीएमआय २.१' लिहिलं असलं तरी एक गोष्ट लक्षात ठेवा. त्या पिढीतल्या सगळ्या सोयी देणं सक्तीचं नाही, आणि पूर्ण ४८ चा वेग प्रत्येक पोर्ट देत नाही. म्हणून पिढीचा आकडा सोडा आणि माहितीपुस्तिकेत 'एचडीएमआयवर जास्तीत जास्त किती हर्ट्झ' ही ओळ शोधा. तीच खरी.

डिस्प्लेपोर्टमध्ये खोक्यातली केबल बहुतेक वेळा पुरते. वेगळी घ्यायची असेल तर 'डीपी८के' प्रमाणित घ्या आणि दोन मीटरच्या आतच ठेवा. लांबी वाढली की सिग्नल क्षीण होतो. 'पुढेमागे लागेल' म्हणून पाच मीटरची केबल घेणं म्हणजे पैसे देऊन कटकट विकत घेणं.

फार स्वस्त डिस्प्लेपोर्ट केबलमध्ये एक विचित्र दोष सापडतो. या केबलला वीस पिना असतात. विसावी पिन विजेची, आणि साध्या केबलमध्ये ती दोन टोकांना जोडलेली नसावी असा नियम आहे. काही बनावट केबलींत ती जोडलेली असते. मग मॉनिटरकडून वीज उलटी कॉम्प्युटरमध्ये शिरते. लक्षण असं, की कॉम्प्युटर बंद केला तरी आत एखादा दिवा मिणमिणत राहतो, किंवा मशीन सुरूच होत नाही आणि केबल काढली की लगेच सुरू होतं. असं दिसलं तर मेकॅनिककडे पळू नका, आधी केबल बदलून पाहा.

आणि ही केबल ओढून काढू नका. बऱ्याच केबलींच्या तोंडावर एक छोटा खटका असतो. तो दाबल्याशिवाय ओढलं तर पोर्टच बाहेर यायचा.

कनेक्टर घेताना दिशा पाहा

"केबल आहे ना घरी, फक्त कनेक्टर घेतो," असं म्हणणारे इथे फसतात. कॉम्प्युटरला डिस्प्लेपोर्ट आणि मॉनिटरला एचडीएमआय असेल, तर साधा स्वस्त कनेक्टर बहुधा चालतो. बहुतेक कार्डं डिस्प्लेपोर्टमधून एचडीएमआयचा सिग्नल देऊ शकतात. पण वेग कनेक्टरच्या कुवतीपुरताच मिळतो आणि स्वस्त कनेक्टरची कुवत जुन्या १.४ च्या आसपास असते. उलट दिशेला, म्हणजे कॉम्प्युटरला एचडीएमआय आणि मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट असेल, तर तो कनेक्टर चालतच नाही. त्यासाठी वेगळा, विजेवर चालणारा कन्व्हर्टर लागतो. दुकानात 'एचडीएमआय-डीपी कनेक्टर' एवढंच सांगू नका. 'कॉम्प्युटरकडे हे, मॉनिटरकडे ते' असं बोट दाखवून सांगा.

बिघाड कुठे आहे हे कसं ओळखायचं

हवा तो हर्ट्झ यादीतच नसेल तर संशय पोर्टावर. दोन्ही टोकांची पिढी पाहा आणि वरचा गुणाकार करा. याआधी एक साधी गोष्ट तपासा : केबल ग्राफिक्स कार्डालाच लावली आहे ना? कॅबिनेटच्या मागे यूएसबीच्या रांगेशेजारी असलेला पोर्ट मदरबोर्डचा असतो. कार्डाचे पोर्ट सहसा त्याच्या खाली, आडव्या पट्टीत असतात. वेगळं कार्ड विकत घेऊनही मदरबोर्डला केबल लावून बसलेले लोक मी स्वतः पाहिले आहेत.

हर्ट्झ यादीत आहे, पण निवडल्यावर पडदा मधूनच क्षणभर काळा होतो किंवा पांढरे ठिपके चमकतात, तर संशय केबलवर. खात्री करायला हर्ट्झ एक पायरी खाली आणा. १४४ वर ठिपके दिसतात आणि १२० वर जातात, तर केबल तेवढा वेग पेलत नाही. आखूड आणि प्रमाणित केबल लावून पाहा. तरी तेच राहिलं, तर मग मॉनिटर किंवा कार्ड बघायचं.

१४४ आणि १६५ मध्ये फरक तो किती?

भाच्याला मी हेही विचारलं. १४४ वर एक चित्र पडद्यावर ६.९ मिलिसेकंद राहतं, १६५ वर ६.१. एक मिलिसेकंदाचाही फरक नाही. ६० वरून १४४ ला गेलात तर १६.७ चे ६.९ होतात, आणि तो फरक कोणालाही दिसतो. म्हणजे नुसत्या २१ हर्ट्झसाठी मॉनिटर परत करण्यासारखं काही नव्हतंच.

डिस्प्लेपोर्ट लावण्याचं त्याच्यासाठी खरं कारण दुसरं निघालं. गेममध्ये कार्ड जितकी चित्रं तयार करेल तितक्याच वेगाने मॉनिटरने चालायचं, अशी एक सोय असते. त्यामुळे चित्र मधूनच फाटल्यासारखं दिसत नाही. एनव्हिडियाच्या त्याच्या पिढीच्या कार्डावर अशा मॉनिटरांसाठी ही सोय डिस्प्लेपोर्टवरूनच मिळते. म्हणजे केबल एचडीएमआयची राहिली असती, तर हर्ट्झपेक्षा मोठी गोष्ट त्याच्या हातून गेली असती आणि त्याला ती कळलीही नसती.

थोडक्यात हिशेब असा. मॉनिटर टीव्हीसारखा वापरायचा असेल, सेट-टॉप बॉक्स किंवा गेमचा कन्सोल लावायचा असेल, तर एचडीएमआयच, कारण तिकडे दुसरा पोर्टच नसतो. कॉम्प्युटरला लावायचा आणि दोन्हीकडे डिस्प्लेपोर्ट असेल, तर तोच लावा. दुकानात जाण्याआधी मोबाइलवर तीन फोटो काढा : कॉम्प्युटरची मागची बाजू, मॉनिटरची मागची बाजू आणि माहितीपुस्तिकेतलं हर्ट्झचं पान. ते दाखवले की दुकानदारही अंदाजाने केबल काढत नाही.

मॉनिटर परत गेला नाही. ती कापडी विणीची एचडीएमआय केबल आता ताईच्या टीव्हीला लागली आहे. तिथे ती गरजेपेक्षा बरीच जास्त आहे, पण पाकीट फोडलेलं असल्यामुळे दुकानदाराने ती परत घेतली नाही. बरोबरच आहे त्याचं.